अठ्ठावीस नंबरची ओळ

आमच्या ऑफिसात तिला सगळे पाठीमागे युनिटबाई म्हणत. तोंडावर ताई. कोणी काहीही सांगायला गेलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "युनिट काय?" रेती चाळीस लागेल म्हटलं, तर "चाळीस काय? घनमीटर, ट्रक, की पाट्या?" एकदा शिपाई म्हणाला, ताई, चहा दोन आणू का, तर ही म्हणाली, "दोन कप की दोन थर्मास?" आम्ही हसलो. ती हसली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी त्या ऑफिसात खरेदी बघतो. सिमेंट, लोखंड, विटा, खडी, ज्याचा भाव करायचा ते माझ्याकडे. माझा स्वभाव घाईचा आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो. घरचे तर मला "तापला तवा" म्हणतात. असा माणूस आणि युनिटबाई एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर अकरा वर्षं बसले, हे दोघांच्याही सहनशक्तीचं कौतुक आहे. तिच्या जास्त.

तिचं काम सांगायला सोपं. सरकारी बांधकामाचं टेंडर निघालं की त्यासोबत कामांची लांबलचक यादी येते. आम्ही तिला बीओक्यू म्हणतो. प्रत्येक ओळीत एक काम, ते किती करायचं त्याचा आकडा, आणि तो आकडा कोणत्या मापातला. काँक्रीट घनमीटरमध्ये, प्लास्टर चौरस मीटरमध्ये, लोखंड किलो किंवा टनात, दारं नगावर. ठेकेदाराने फक्त दर भरायचा. ही यादी ओळ न ओळ उचलून आमच्या कॉम्प्युटरवरच्या कॉस्टिंग शीटमध्ये, म्हणजे खर्चाच्या तक्त्यात घालायची, प्रत्येक ओळीला आमचा खर्च काढून दर लावायचा, आणि शेवटी तो दर परत टेंडरच्या फॉर्ममध्ये त्याच नंबरसमोर भरायचा. काम सोपं, पण बारा गावचं पाणी प्यायलेले इंजिनियरसुद्धा त्यात तोंडावर आपटतात.

युनिटबाईची एक रीत होती. शीट तयार झाली की "वाचन" व्हायचं. एकाने छापील यादी हातात घेऊन मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने शीटवर बघत खूण करायची. आणि तेही तीनदा. पहिल्या फेरीत फक्त युनिटं. दुसरीत फक्त आकडे. तिसरीत दर. "एका दमात तिन्ही वाचलं की डोळा आपल्याला हवं ते बघतो," असं तिचं म्हणणं. वाचायला बहुतेक वेळा मीच. घनमीटर, घनमीटर, चौरस मीटर, नग, नग, मीटर. वाचता वाचता माझी मान डुलायला लागायची.

या रीतीमागे एक जखम होती. सात वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या कामात खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या होत्या, नऊ टन. टेंडरमध्ये युनिट टन. जाळीवाल्याने भाव दिला क्विंटलचा, आणि हिने तोच भाव टनासमोर लावला. दहापट कमी. काम आम्हालाच मिळालं, आणि त्या जाळ्या आम्ही पदरचे पैसे घालून बसवल्या. मालकांनी तिला एका शब्दानेही दुखावलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या वेळी म्हणे ती दोन दिवस जेवली नव्हती. हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं.

तिचा नवरा शिंपी. खाली दुकान, वर दोन खोल्या. मी एकदा पँट लहान करायला गेलो होतो तेव्हा तो मापाची पट्टी गळ्यात घालून म्हणाला, "भाऊ, आमच्या धंद्यात एकच युनिट, इंच. आणि चूक झाली तर गिऱ्हाईक समोरच उभं असतं, लगेच सांगतं. हिच्या धंद्यातली चूक वर्षभराने दार ठोठावते. कशी झोपत असेल बिचारी." वरून आवाज आला, "माझ्या झोपेचं तुम्ही बघू नका, भाऊंची पँट बघा. मागच्या वेळी एक पाय लांब झाला होता." नवरा पट्टी तोंडात धरून हसला. मुलगी त्यांची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात वादावादी नाही, पण सगळं मोजून मापून. डब्यात भाजी किती हेसुद्धा हिला ठाऊक असायचं.

तर ते टेंडर दवाखान्याच्या नव्या इमारतीचं होतं. तळमजला आणि पहिला मजला. पावणेचार कोटींच्या आसपासचं काम. आमच्यासाठी ते नुसतं काम नव्हतं. वर्षभर हातात धड काही आलं नव्हतं. दोन साइट संपत आल्या होत्या. मालकांनी महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांना आत बोलावून सरळ सांगितलं होतं, "हे मिळालं तर चाललो. नाही मिळालं तर दिवाळं नाही निघणार, पण ऑफिस बंद करून मी एकटा घरून बघेन. तुम्ही आपापलं बघून ठेवा." आम्ही आठ जण होतो. माझं वय सत्तेचाळीस. या वयात नवी नोकरी शोधायची म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

युनिटबाईने शीट केली. एकशे बेचाळीस ओळी. आम्ही दोघांनी तीन फेऱ्यांचं वाचन केलं, सोमवारी दुपारी. एकही चूक निघाली नाही. तिने शेवटच्या पानावर सही केली. दर भरायची मुदत बुधवारी दुपारी तीन.

मंगळवारी संध्याकाळी मी ती शीट उघडली. मला सिमेंटवाल्याला आणि शटरिंगवाल्याला, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे बांधणाऱ्याला, शेवटचं घासायचं होतं, आणि त्यासाठी मोठी कामं वर हवी होती. म्हणून मी ओळींचा क्रम बदलला: आधी सगळं काँक्रीट, मग सगळं शटरिंग, मग वीटकाम, आणि प्रत्येकात मोठा आकडा वर, लहान खाली. फोनवर भाव थोडे खाली आणले आणि नवे भाव त्या त्या ओळीत घातले. मग शीटमधली सूत्रं बाहेरच्या माणसाला दिसू नयेत म्हणून ती काढून नुसते आकडे ठेवले, यादी पक्की करायला पाठवली, आणि शहाण्यासारखा क्रम परत जसाच्या तसा लावला. एक, दोन, तीन, थेट एकशे बेचाळीसपर्यंत. फाईल जतन केली आणि शीळ घालत घरी गेलो.

बुधवारी सकाळी सगळे खूश. एकूण बेरीज मालकांच्या अंदाजाशी तंतोतंत जुळत होती. मागच्या वर्षी केलेल्या अशाच इमारतीचा दर चौरस मीटरचा खर्च काढून त्यांनी स्वतः ताळा घेतला होता. शीटमधले दर टेंडरच्या फॉर्ममध्ये भरून झाले. आता फक्त मालकांची डिजिटल सही लावून वर चढवायचं. ती सही म्हणजे एक छोटी चावी, कॉम्प्युटरला खोचायची. ती युनिटबाईच्या ताब्यात असायची.

एक वाजून दहा मिनिटांनी मालक दारात येऊन म्हणाले, "चला बाई, चढवून टाका. शेवटच्या तासात ती टेंडरची वेबसाइट रडते."

युनिटबाई स्क्रीनकडे बघत होती. "साहेब, फाईल मंगळवारी सहा चाळीसला जतन झालीय. वाचन सोमवारी झालं."

"बरं मग?"

"वाचनानंतर कोणीतरी हात लावलाय."

मी म्हणालो, "मी लावला. भाव बदलले, ते तर तुम्हाला सांगितलंच होतं. आणि क्रम बदलला होता, तो परत लावला. बस."

"मग परत वाचावं लागेल."

माझा तवा तापला. "ताई, बेरीज जुळतेय. साहेबांनी ताळा घेतलाय. आता तीन फेऱ्या म्हणजे दीड तास. तीनला दार बंद होणार. तुम्हाला काय, कीर्तन करायचंय?"

तिने कॉम्प्युटरमधून ती चावी काढली आणि मुठीत धरून बसली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा असं काही करत होती. म्हणाली, "साहेब, बेरीज जुळणं वेगळं आणि ओळ बरोबर असणं वेगळं. मला एकदा ते शिकायला मिळालंय. दुसऱ्यांदा नको."

मालक घड्याळाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "अडीचपर्यंत. अडीचला जे असेल ते चढवायचं." आणि खुर्ची ओढून तिथेच बसले.

मी रागारागाने छापील यादी उचलली. पहिली फेरी, युनिटं. एक, घनमीटर. दोन, घनमीटर. तीन, चौरस मीटर. ती नव्याने छापलेल्या शीटवर पेन्सिलने टिक करत होती. सत्तावीस नंबरला आलो. "तळमजल्याचं काँक्रीट, स्लॅब आणि तुळया. घनमीटर."

टिक.

"अठ्ठावीस. वरीलप्रमाणे, पण पहिला मजला. वरचंच."

टिक झाली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "वरचं म्हणजे काय?"

"घनमीटर. आत्ताच वाचलं की."

"इथे चौरस मीटर आहे."

मी उठून तिच्या मागे गेलो. अठ्ठावीस, वरीलप्रमाणे पण पहिला मजला, चौरस मीटर, दोनशे चौदा, दर पाचशे सत्त्याण्णव. त्याच्या वरच्याच ओळीत, तळमजल्याला, दर होता सात हजार चारशे. तेच काँक्रीट, फक्त एक मजला वर, आणि दर पाचशे सत्त्याण्णव. हे मी स्वतः सकाळी फॉर्ममध्ये भरलं होतं. आंधळ्यासारखं.

"पुढे वाचा," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट.

"एकोणतीस. शटरिंग, तळमजला. चौरस मीटर." टिक. "तीस. वरीलप्रमाणे, पण पहिला मजला. वरचंच."

"इथे नग आहे," ती म्हणाली. "एक हजार चारशे साठ नग शटरिंग. दर एक हजार चारशे बेचाळीस."

मालक उठून उभे राहिले होते.

कसं झालं ते तिने पाच मिनिटांत शोधून काढलं. "वरीलप्रमाणे" असलेल्या ओळींमध्ये तिने युनिट आणि दर हाताने लिहिले नव्हते. सूत्र लावलं होतं: युनिट वरच्या ओळीचं घे, दर वरच्या ओळीचा घे आणि माल वर चढवायचे तीन टक्के वाढव. सोमवारी ते बरोबर होतं. मंगळवारी मी क्रम बदलला. पहिल्या मजल्याचं काँक्रीट दोनशे चौदा, तळमजल्याचं एकशे शहाऐंशी. मोठा आकडा वर, म्हणून पहिला मजला तळमजल्याच्या डोक्यावर जाऊन बसला. आणि त्याच्या वर आली अंगणातल्या फरशीखालच्या काँक्रीटची ओळ, चौरस मीटर, दर पाचशे ऐंशी. सूत्र बिचारं आज्ञाधारक. वरचं घे म्हटलं, त्याने वरचं घेतलं. शटरिंगचंही तेच. पहिल्या मजल्याची ओळ तिच्या गटात सर्वांत वर गेली, तेव्हा तिच्या वर होती काँक्रीटच्या गटातली शेवटची ओळ: गटाराच्या चेंबरची काँक्रीटची चोवीस झाकणं, नग, दर एक हजार चारशे. मग मी सूत्रं काढून आकडे गोठवले, आणि चूक जिथल्या तिथे थिजली. क्रम परत लावला तरी ती काही परत जागेवर आली नाही.

"पण बेरीज कशी जुळली?" मालकांनी विचारलं.

तिने कॅल्क्युलेटर ओढला. काँक्रीटचा खरा दर सात हजार सहाशे बावीस. घनमीटरमागे सात हजार पंचवीस कमी, गुणिले दोनशे चौदा. पंधरा लाख तीन हजार तीनशे पन्नास कमी. शटरिंगचा खरा दर चारशे तेहतीस. चौरस मीटरमागे एक हजार नऊ जास्त, गुणिले एक हजार चारशे साठ. चौदा लाख त्र्याहत्तर हजार एकशे चाळीस जास्त. दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. पावणेचार कोटींत फरक उरला तीस हजार दोनशे दहा. तेवढा कोणाच्या बापालाही दिसला नसता.

मालक हळूच खाली बसले. त्यांना सांगायची गरज नव्हती. असं टेंडर उघडलं की तपासणारा आधी मोठ्या कामांचे दर बघतो. काँक्रीटचा दर बाजाराच्या बाराव्या हिश्शात आणि शटरिंगचा तिप्पट, म्हणजे हे लोक एकतर अडाणी किंवा लबाड. फेकून देतात. आणि समजा नसतं फेकलं, आणि काम चालू असताना काँक्रीट थोडं वाढलं असतं, तर वाढलेल्या प्रत्येक घनमीटरमागे आम्ही सात हजार घालून बसलो असतो.

मला खोटं बोलता आलं असतं की नाही, माहीत नाही. वेळच मिळाला नाही. मालकांनी विचारलं, "कोणाकडून झालं हे?" आणि युनिटबाई म्हणाली, "शीट माझी आहे, साहेब. सहीसुद्धा माझी."

"नाही," मी म्हणालो. "क्रम मी बदलला, सूत्रं मी काढली, आणि आत्ता वाचायला नको म्हणून भांडलोही मीच. ताईंचा यात काही दोष नाही."

"थोडा आहे," ती म्हणाली. "वरीलप्रमाणे असं मी शीटमध्ये ठेवायलाच नको होतं. प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी पाहिजे. भाऊंनी फक्त ओळी हलवल्या. माझ्या ओळी हलल्यावर पडणाऱ्या होत्या."

मालकांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तुमचं दोषांचं वाटप झालं असेल तर दर बदला. एक पस्तीस झालेत."

मग आम्ही जे काम केलं तेवढं मन लावून मी आयुष्यात कधी केलं नसेल. अशा ओळी तीनच होत्या. वीटकामाची तिसरी ओळ वाचली होती, कारण तिथे तळमजल्याचा आकडा मोठा होता आणि पहिला मजला बरोब्बर त्याच्याखालीच राहिला होता. दोन दर शीटमध्ये बदलले, फॉर्ममध्ये बदलले. मग तिन्ही फेऱ्या. मी वाचत होतो, एकदाही "वरचंच" म्हणालो नाही. युनिट पूर्ण, आकडा पूर्ण, दर पूर्ण. घसा कोरडा पडला तेव्हा मालकांनी स्वतः उठून पाणी आणून दिलं. अडीचची मुदत टळून गेली, कोणी आठवण काढली नाही. दोन चव्वेचाळीसला शेवटची टिक झाली. तिने मूठ उघडली. चावीचा ठसा तिच्या तळहातावर उमटला होता.

दोन बावन्नला पावती आली. मी खुर्चीत मागे रेललो आणि मला चक्क हसू यायला लागलं, थांबेचना. मालक म्हणाले, "वेड लागलं काय?" आणि तेही हसायला लागले. युनिटबाईने चष्मा काढून डोळे पुसले, मग नवऱ्याला फोन लावला. पलीकडून काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "नाही, चूक झाली नाही. झाली होती. सापडली." जरा वेळ ऐकत राहिली. "हो, हो. आज जेवते. दोन वेळा जेवते."

आठवड्याने टेंडर उघडलं. आमची रक्कम सगळ्यांत खाली होती, दुसऱ्यापेक्षा एक लाख नव्वद हजारांनी. आनंदाने ऑफिस डोक्यावर घ्यायच्या आतच पत्र आलं. दहा मोठ्या कामांच्या दरांची फोड पाठवा, म्हणजे सिमेंट किती, रेती किती, मजुरी किती, दोन दिवसांत. ते सगळ्यांत खाली असणाऱ्याला विचारतातच. मी पत्र हातात घेतलं आणि यादी बघितली. पहिलाच नंबर अठ्ठावीस. त्याच्याखाली तीस.

मी पत्र तिच्या टेबलावर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसलो. पाचशे सत्त्याण्णवात काँक्रीटचा घनमीटर कसा बसवला, याची फोड आम्ही कुठल्या तोंडाने लिहिली असती? आठ माणसांची घरं त्या एका ओळीवर उभी होती, आणि मी ती ओळ शीळ घालत मोडली होती. हे मी तिला सांगितलं. सांगताना रडू आलं, त्याची मला लाजही वाटली नाही.

तिने पत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट लावून. मग अठ्ठावीस नंबरची फोड लिहायला घेतली. सिमेंट, रेती, खडी, मिसळणं, ओतणं, वर चढवायचे तीन टक्के. दहा मिनिटांत बेरीज आली सात हजार सहाशे बावीस. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, "भाऊ, तो दर गेला नाही ना? मग जो गेलाच नाही त्यासाठी किती वेळ रडायचं? हा वाचून बघा. मग जेवायला बसू, माझा डबा आज मोठा आहे."